एप्रिल-मेच्या लग्नात सूट घालायचाय? आधी कापड उजेडाला धरून बघा

माझ्या साखरपुड्याला मी जो सूट घातला होता त्याचे फोटो आजही कुणाला दाखवत नाही. मे महिना, कार्यालयात नुसते पंखे, आणि दुकानदाराने "साहेब, एकदम हलकं आहे, समर स्पेशल" म्हणून गळ्यात मारलेलं चकचकीत राखाडी कापड. दीड वाजेपर्यंत पाठ अशी भिजली होती की जेवताना कोट काढावा तर शर्ट अंगाला चिकटलेला आणि न काढावा तर जीव जातोय. कापड खरंच हलकं होतं, खोटं बोलला नाही तो. फक्त हलकं म्हणजे हवेशीर नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता यंदा भाचीचं लग्न होतं मेमध्ये, आणि तिचा भाऊ म्हणजे माझा भाचा नोकरीला लागून वर्ष झालेलं, तो म्हणाला मामा एकच सूट शिवतो, लग्नातही घालीन आणि ऑफिसातही. हिंजवडीला त्यांच्याकडे परदेशी क्लायंट येतात तेव्हा जॅकेट लागतं. म्हटलं चल, दोघं जाऊ. त्या खरेदीत जे जे केलं तेच इथे क्रमाने लिहितोय, पहिल्यांदा शिवणाऱ्याला उपयोगी पडेल.

दुकानात जायच्या आधी: कुठे, किती वाजता, काय करत

हे आधी ठरवायचं, कारण कापड त्यावर ठरतं. भाच्याचा दिवस असा होता: कोथरूडचं कार्यालय, एसी नाही, मुहूर्त साडेबाराच्या आसपास. हा मुलीचा भाऊ, म्हणजे सकाळी नऊपासून पळापळ, पाहुणे, गाड्या, भटजींना काय हवं-नको, मग कानपिळीला नवऱ्या मुलाचा कान पिळायला वर स्टेजवर, मग पंगतीत आग्रह. बसायला मिळणार नाही आणि हात सारखे वर-खाली. याउलट ऑफिसात बघा, खोलीत एसी गार असतो, त्रास होतो तो फक्त जाता-येताना आणि पार्किंगमधून चालताना.

पुण्याच्या उन्हाळ्याचं एक बरं आहे, एप्रिलमध्ये पारा ३८-४० ला गेला तरी हवा कोरडी असते. मुंबईसारखा घाम अंगावर साचून राहत नाही, वारा लागला की पटकन सुकतो. म्हणजे आपल्याला कापड असं हवं जे वारा आत येऊ देईल. बाकी सगळं दुय्यम. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस पडून गेला की मात्र दमट होतं, तेव्हा हाच हिशोब थोडा बिघडतो.

आणि लग्न संध्याकाळचं लॉनवर असेल तर इतका विचार करू नका, ऊन उतरलं की पुण्यात बरं वाटतं. हा सगळा खटाटोप दुपारच्या मुहूर्तासाठी.

कापडाचं नाव नंतर, वीण आधी

नवीन माणूस दुकानात शिरला की विचारतो "कॉटन आहे का?" किंवा "लिनन दाखवा". चूक नाही, पण अर्धीच गोष्ट झाली. घट्ट विणलेलं जाड कॉटन, म्हणजे चिनोज पँटचं असतं तसं ट्वील, उन्हाळ्यात चांगलंच गरम होतं आणि मोकळ्या विणीचं लोकरीचं कापड त्याच्यापेक्षा गार राहतं. हो, लोकर. भाच्यालाही मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, मेमध्ये स्वेटर घालू का?"

स्वेटर गरम असतो कारण त्याचा धागा फुगलेला, केसाळ असतो आणि त्या केसांमध्ये हवा अडकून बसते. उन्हाळी सूटच्या लोकरीत उलटं करतात. धाग्याला भरपूर पीळ देतात, इतका की धागा बारीक, टणक, गुळगुळीत होतो, आणि मग तो साध्या एक-वर-एक-खाली विणीत थोडा सुटा विणतात. धागा टणक आणि मध्ये भोकं. दुकानात याला ट्रॉपिकल किंवा हाय ट्विस्ट म्हणतात. हातात घेतलं की कापड मऊ लागत नाही, जरासं कोरडं, खरखरीत लागतं, आणि इथेच बरेच लोक फसतात, कारण बाजूलाच मऊमऊ लोण्यासारखं कापड ठेवलेलं असतं आणि हात आपोआप तिकडे जातो. ते मऊ कापड एसी हॉलसाठी ठीक. दुपारच्या कार्यालयासाठी खरखरीतच घ्या.

लोकरीचे अजून दोन फायदे. एक तर ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर मात्र ओलावा जवळजवळ पीतच नाही, घाम आत तसाच राहतो. आणि दुसरं म्हणजे लोकर चुरगळली तरी परत सरळ होते. गाडीत तासभर बसून हिंजवडीला उतरलं तरी पाठीमागे कागद चुरगाळल्यासारखं दिसत नाही.

लिनन हवेशीरपणात लोकरीच्या मागे नाही, पण चुरगळतं, आणि ते चुरगळणारच, त्याला इलाज नाही. दिवसाच्या लग्नात लिननच्या सुरकुत्या शोभतात, कुणी नाव ठेवत नाही. ऑफिसात क्लायंटसमोर कोपराला आणि गुडघ्याला पडलेल्या घड्या मला तरी बऱ्या वाटत नाहीत. तुमचं ऑफिस मोकळंढाकळं असेल तर खुशाल घाला. एक लक्षात ठेवा, लिननचं शर्टाचं कापड वेगळं आणि सूटचं वेगळं. दुकानात लीचा आकडा सांगतात, आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. ६० लीचं शर्टिंग छान असतं पण त्याचा कोट शिवला तर दुपट्ट्यासारखा लोंबेल. कोटाला जाड धाग्याचं, वजनदार लिननच लागतं.

आणि टीआर, म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोस. दुकानातला अर्ध्याहून जास्त स्वस्त सूटिंगचा माल हाच असतो. दिसायला उत्तम, इस्त्री टिकते, आणि खिशाला परवडतं. बजेट तेवढंच असेल तर घ्या, त्यात लाजायचं काही नाही, पण मग व्हिस्कोस जास्त असलेलं, साध्या विणीचं बघा आणि खालचं अस्तराचं प्रकरण नीट वाचा, कारण तिथेच तुमचा बराच त्रास वाचेल.

दुकानात: चार गोष्टी करून बघा

लक्ष्मी रोडला आम्ही तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात सेल्समनने गादीवर धडाधड दहा ताके उलगडले आणि प्रत्येकाला "सुपर वन ट्वेंटी" म्हणाला. हा सुपरचा आकडा म्हणजे लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते. सुपर १०० म्हणजे साधारण १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. बारीक तंतू म्हणजे मऊपणा, एवढंच. कापड गार आहे की नाही हे तो आकडा सांगत नाही, आणि खूप बारीक असेल तर उलट लवकर झिजतं आणि घामाने अंगावर लोळागोळा होतं. उन्हाळ्याला ९०, १००, ११० पुरे.

तर आकडे ऐकून घ्यायचे आणि आपलं काम करायचं. कापडाचा एकच पदर घ्या आणि ट्यूबलाइटकडे धरा. उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले पाहिजेत. सगळीकडे सारखा मिणमिणता पडदा दिसला तर वीण बंद आहे. मग तोच पदर ओठांना लावून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. मोकळ्या विणीतून फुंकर सरळ हाताला लागते. बंद विणीत गाल फुगतात आणि पलीकडे काहीच नाही. भाच्याला आधी लाज वाटत होती, दुसऱ्या दुकानात तर काउंटरवरचे काका बघत राहिले, पण तिसऱ्या दुकानात तो स्वतःच फुंकत होता. ज्या कापडाला सेल्समन सगळ्यात हलकं म्हणत होता त्यातून अजिबात हवा जात नव्हती, माझ्या साखरपुड्याचा सूट आठवला.

त्यानंतर कोपरा मुठीत घट्ट दाबून दहा आकडे मोजा आणि सोडा. हाय ट्विस्ट लोकर लगेच उघडते, पुसट रेषा राहते ती मिनिटाभरात जाते. लिनन आणि कॉटनला घड्या राहतील, ते अपेक्षितच आहे.

चौथी गोष्ट माझी स्वतःची, बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब नमुन्याच्या चिंधीवर टाका. घामाचा डाग किती काळा दिसणार ते तिथेच कळतं. फिकट राखाडी आणि आकाशी कॉटन यात सगळ्यात वाईट, थेंब पडला की नाण्याएवढा गडद डाग. मधला निळा, बारीक दोन रंगी धाग्यांचं विणकाम असेल तर डाग लपतो. उन्हात उभं राहायचं असेल तर काळा आणि अगदी गडद नेव्ही टाळा, छपराखाली मात्र रंगाने फार फरक पडत नाही.

"प्युअर वूल" म्हटलं की पडताळून बघायची एक घरगुती पद्धत आहे. नमुन्याची चिंधी मागून घ्या, चांगले दुकानदार देतात, आणि घरी येऊन उभे दोन आणि आडवे दोन धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. दुकानात नको, कापडाच्या ढिगाशेजारी आग म्हणजे वेडेपणा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, काडी लांब नेली की विझते, आणि राख बोटात चुरडली जाते. कॉटन-लिनन-व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास. पॉलिएस्टर वितळतं, काळसर धूर येतो आणि टोकाला कडक मणी राहतो जो चुरडत नाही. केसांचा वासही आला आणि मणीही राहिला तर ते टेरीवूल, मिश्रण. मिश्रण वाईट नसतं पण किंमत प्युअरची द्यायची नाही.

वजनाची गंमत

आता थोडा हिशोब, पण सोपा आहे. उन्हाळी सूटला लोकर चौरस मीटरला साधारण २४० ते २८० ग्रॅमची चांगली. वीण मोकळी असेल तर २८० सुद्धा गार राहतं. २०० च्या खाली गेलात तर पँट गुडघ्याला फुगते, कोट अंगावर धड पडत नाही, घामाने पायाला चिकटते. पातळ ते गार हा समज सोडा.

घोळ असा होतो की काही लेबलवर वजन चौरस मीटरचं असतं आणि काहींवर लांबीच्या मीटरचं. पन्ना साधारण ५८ इंच, म्हणजे दीड मीटरला थोडा कमी. त्यामुळे लांबीच्या मीटरला ३८० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला साधारण २६०. आणि कुणी "२८० ग्रॅम" म्हणाला आणि ते लांबीचं असलं तर तुम्हाला मिळालं १९०, म्हणजे जवळजवळ शर्टाच्या वाटेवर.

लेबलवर भरवसा नसेल तर पीस काट्यावर ठेवायला सांगा. मध्यम उंचीच्या माणसाच्या दोन-पीस सूटला सव्वातीन मीटर लागतं, चेक्स असतील तर जुळवायला थोडं जास्त. सव्वातीन मीटर गुणिले पन्ना १.४७ मीटर म्हणजे ४.७८ चौरस मीटर. काट्याने १ किलो २०० ग्रॅम दाखवलं तर तुमचं कापड २५० चं. आम्ही घरी आणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, १ किलो २४०, म्हणजे २६० च्या आसपास. बहीण म्हणाली, "साखर मोजतोयस का कापड?"

भाच्याने शेवटी घेतला तो मध्यम निळा-करडा, साधी वीण, हाय ट्विस्ट लोकर. टीआरच्या कितीतरी पट महाग पडला, ते खरंय. पण दोन सूटऐवजी एक, असं त्याने आईला पटवलं.

टेलरकडे: खरी लढाई अस्तराची

हे सगळं करून कापड आणलं आणि टेलरने आतून पूर्ण पॉलिएस्टरचं चमकदार अस्तर लावलं की खेळ खल्लास. मोकळ्या विणीच्या कापडामागे प्लॅस्टिकची पिशवी शिवल्यासारखं. आणि बहुतेक टेलर विचारतच नाहीत, तेच लावतात.

सांगायचं ते असं: "मास्टर, पाठीला अस्तर फक्त खांद्यापर्यंत द्या, खाली उघडी ठेवा. बाह्यांना व्हिस्कोसचं लावा." बाह्यांना अस्तर लागतंच, नाहीतर हात घालताना शर्टाची बाही वर जाते. खिशांच्या भागात समोर थोडं लागतं. पाठ मात्र मोकळी, घाम सगळा तिथेच येतो.

मास्टर नको म्हणतील. आमचेही म्हणाले, "साहेब, फिनिशिंग दिसणार नाही." खरं कारण वेगळं असतं. अस्तर पूर्ण असलं की आतल्या शिलाया झाकल्या जातात. पाठ उघडी ठेवली की प्रत्येक शिलाईला पायपिंग करावी लागते, म्हणजे कापडाची कच्ची कड पट्टीने झाकून शिवावी लागते, काम जास्त. म्हणून आधीच विचारा, पायपिंगचे वेगळे किती घेणार, आणि त्यांनी आधी शिवलेला एखादा हाफ लायनिंगचा कोट दाखवा म्हणा. दाखवता आला नाही तर दुसरीकडे जा, तुमच्या कोटावर प्रयोग नको.

दुसरं म्हणजे छातीच्या आतला थर. स्वस्तात फ्युजिंग करतात, म्हणजे गोंदाचा थर असलेलं कापड गरम प्रेसने चिकटवतात. तो गोंदाचा थर हवा अडवतो, आणि दोन-चार ड्रायक्लीननंतर काही वेळा सुटतो. छातीवर बारीक फोड आल्यासारखे दिसतात, एकदा आले की ते कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. परवडत असेल तर हाफ कॅनव्हास सांगा, म्हणजे छातीपुरता आतला थर गोंदाने न चिकटवता टाक्यांनी बसवतात. नसेल परवडत तर हलकं फ्युजिंग आणि तेही फक्त समोर, पण पाठीला अजिबात नको. खांद्याचे पॅड पातळ घ्या.

लिनन किंवा कॉटन घेतलं असेल तर कापायच्या आधी पाण्यातून काढून वाळवून घ्यायचंच. हे कुणी करत नाही आणि पहिल्याच धुण्यात बाही मनगटावरून वर पळते. लोकरीला पाणी नको, टेलरकडूनच चांगली वाफ देऊन घ्या.

ट्रायलला जाताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट. आणि आरशासमोर पुतळ्यासारखं उभं राहू नका. मी भाच्याला म्हटलं, कान पिळून दाखव. त्याने हात वर केला तर अख्खा कोट बाहीसोबत वर आला. काखेतला घेर खूप खाली कापला होता. पक्की शिलाई झाल्यावर काखेत कापड कमी पडलं तर ते परत जोडता येत नाही, म्हणून हे कच्च्या शिलाईच्या ट्रायललाच बघायचं. मास्टरांनी काखेची शिलाई वर घेऊन, बाही फिरवून जमवलं, तरी एक ट्रायल जास्त झाली. लग्नसराईत टेलरला महिनाभर आधी कापड द्या ते यासाठीच, आठ दिवस आधी दिलं तर असली दुरुस्ती कोण करून देणार.

आतला शर्ट आणि दिवसाचा निकाल

शर्ट शंभर टक्के कॉटन, पातळ, साध्या विणीचा. आत बनियन घाला, घाम आधी त्यात जातो. रिंकल-फ्री म्हणून मिळतात ते टाळा, सुरकुत्या पडू नयेत म्हणून केलेली प्रक्रिया कापड जरा कडक करते, अंगाला कोंदट लागतं.

लग्नाच्या दिवशी भाचा अकरा ते साडेतीन कोट घालून होता. घाम आला का, तर आला, कोट म्हणजे काय कूलर नव्हे. पण जेवायला बसला तेव्हा पाठ कोरडी होती आणि पंगतीत जिलबीचा आग्रह करताना कोट काढावासा वाटला नाही त्याला. त्याचा मित्र क्रीम लिननमध्ये आला होता, वाऱ्याच्या बाबतीत तोही मजेत होता, पण अक्षतांचं कुंकू घामाने ओल्या खांद्यावर पडलं आणि गुलाबी ठिपके उमटले. त्याने रुमाल ओला करून चोळलं, तिथेच चुकला, ठिपक्याचा पट्टा झाला. कुंकू सांडलं तर सुकू द्या, झटका, मग ब्रश, पाणी आधी नाहीच.

घरी आल्यावर कोट रुंद हँगरला लावून रात्रभर पंख्याखाली ठेवला, सकाळी ब्रश मारला. प्रत्येक वेळी ड्रायक्लीन लागत नाही, लोकरीला तर नाहीच. फक्त जूनमध्ये तो दुकानाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये कपाटात ढकलू नका, पुण्याच्या पावसाळ्यात आत ओल धरते आणि दसऱ्याला उघडता तेव्हा कॉलरवर पांढरी बुरशी. जुन्या सुती चादरीचा खोळ शिवून घ्या.